शेवटची बादली गोड्या पाण्याची

आमच्याकडे कडक टॉवेलचं खापर नेहमी उन्हावर फुटतं. मे महिन्यात दुपारी दोरीवरचा टॉवेल काढायला जावं तर तो घडीच होत नाही, उभा धरला तर उभाच राहतो, आणि अंग पुसलं की खरारा केल्यासारखं वाटतं. आमच्या आत्याबाई म्हणजे सासूबाई, त्यांचं ठरलेलं वाक्य, "बाप्पा, हा टावेल हाय का पापड? उनानं पार करपून गेला न वो." मग पुढच्या वेळी टॉवेल सावलीत वाळतो, तरी कडकच, मग साबण बदलला जातो, मग तालुक्याच्या दुकानातून ती वासाची निळी बाटली येते कंडिशनरची, आणि टॉवेल दोन दिवस मऊ लागून नंतर पाणी टिपेनासाच होतो. हे चक्र मी बहुतेक घरात बघते.

उन्हाचा दोष नाही असं मी म्हणत नाही, पण जेवढा दिसतो तेवढा तो नाही. टॉवेलचा कडकपणा दोन प्रकारचा असतो आणि ते दोन वेगळे ओळखता आले की निम्मं काम होतं. ओळखायचं कसं तर वाळलेला कडक टॉवेल दोन्ही हातात धरून कपडा चोळतो तसा चांगला खसाखसा चोळायचा, चार ठिकाणी चुरगळायचा, दोन झटके मारायचे आणि परत हात फिरवायचा. जर तो आता बऱ्यापैकी मऊ लागला तर तो फक्त वाळण्याचा कडकपणा होता. आणि चोळूनही हाताला बारीक रेती लावल्यासारखा खरखरीतच लागला, तर आत काहीतरी बसलेलं आहे आणि ते चोळून जाणार नाही.

वाळण्याच्या कडकपणाची गंमत अशी की २०२० साली जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या आणि काओ नावाच्या कंपनीतल्या संशोधकांनी याच गोष्टीचा अभ्यास केला होता, सुती कापड मोकळ्या हवेत वाळलं की कडक का होतं. त्यांचं म्हणणं असं की कापड वाळलं असं आपल्याला वाटतं तेव्हाही सुताच्या तंतूंवर पाण्याचा एक अगदी पातळ थर चिकटून राहिलेला असतो, आणि तोच शेजारशेजारच्या तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवतो. म्हणजे पाणीच डिंकाचं काम करतं. चोळलं, झटकलं की ही चिकट तुटते आणि कापड मोकळं होतं. म्हणूनच वारा असलेल्या दिवशी फडफडत वाळलेला टॉवेल मऊ असतो आणि वारा पडलेल्या दुपारी गपगार लटकून वाळलेला कडक, ऊन दोन्ही दिवशी तेवढंच. उपायही फुकटचा आहे, दोरीवर टाकायच्या आधी दोन्ही टोकं धरून जोरात तीन-चार झटके, अर्धवट वाळला की परत एकदा झटकून बाजू पालटायची, आणि काढल्यावर घडी घालायच्या आधी एकदा चुरगळायचा. फंदे उभे राहतात. एवढं केलं आणि टॉवेल सुधारला तर पुढचं वाचायची गरज नाही खरं म्हणजे.

पण आमच्या गावाकडे बहुतेकांचं एवढ्यानं भागत नाही. कारण आमच्याकडचं पाणी.

यवतमाळ, अमरावती, वाशीम, बुलडाणा, इकडे बहुतेक गावांखाली काळा दगड आहे, बेसाल्ट, लाव्ह्याचा. बोअर त्या दगडातून जातो आणि पाणी त्याच्या भेगांतून झिरपत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याचं जे सरकारी मानक आहे त्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं. गावात जलजीवन मिशनच्या पाणी तपासायच्या किट आल्यात, गावातल्याच बायकांना शिकवलंय त्या वापरायला, त्यांच्याकडून आपल्या बोअरचा आकडा काढून घेता येतो. आकडा नसला तरी अंदाज लागतो. पाणी तापवायच्या हीटरच्या रॉडवर पांढरा जाड थर चढतो का, बंबाच्या आत चुना धरतो का, डाळ शिजायला वेळ घेते का, अंगाला साबण लावून धुतल्यावर अंग स्वच्छ होतं की चिकचिक राहते. रॉडवर जे बसतं तेच टॉवेलवर बसतं. रॉडवर दिसतं आणि टॉवेलवर लागतं, एवढाच फरक.

आता हे बसतं कधी हे बघा, कारण सगळी गोम तिथं आहे. आपल्याला वाटतं धुताना बसत असेल. काही बसतंही. पण मोठा वाटा वाळताना बसतो. अंगाचा मोठा जाड टॉवेल, कोरडा साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, तो हातानं कितीही पिळला तरी त्यात अर्धा-पाऊण लिटर पाणी राहतंच. ते पाणी दोरीवर उडून जातं. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत, ते जिथं होते तिथंच, म्हणजे फंद्यांच्या टोकाशी. पाण्याचा कठीणपणा ५०० धरला तर पाऊण लिटरमागे साधारण पावणेचारशे मिलीग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आत. काहीच नाही असं वाटतं. पण आठवड्यातून दोनदा धुतला तर वर्षाचे चाळीसेक ग्रॅम झाले, म्हणजे तीनेक मोठे चमचे खडूची भुकटी. सगळी टिकते असं नाही, काही पुढच्या धुण्यात सुटते, काही झटकताना उडते, पण जो भाग एकदा चुनखडीसारखा घट्ट झाला तो नुसत्या पाण्यात परत विरघळत नाही, आणि त्याच बोअरच्या पाण्यात तर नाहीच नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे टॉवेलमध्ये राहिलेलं शेवटचं पाणी कोणतं होतं त्यावर सगळं अवलंबून आहे, आधीची चार पाणी बोअरची असली तरी एकवेळ चालेल. आणि दुसरी म्हणजे जेवढं कमी पाणी दोरीवर न्याल तेवढं बरं. ज्यांच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे त्यांनी धुवायचा टब नाही वापरला तरी चालेल, पण पिळायच्या टबात टॉवेल जरूर फिरवावा. लाइट नसली तर दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ द्यायचा, जुनी रीत, तीच चांगली. पिळून टॉवेल खराब होतो असं काहीजणी म्हणतात, तर पिळून फंदे चपटे होतात हे खरं, पण ते झटकल्यावर उठतात, आत राहिलेला चुना झटकून उठत नाही.

साबणाचं प्रकरण वेगळं आणि जास्त खोडकर. धुण्याचा खरा साबण, म्हणजे तेलापासून बनवलेला, तो कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी जोडला जाऊन एक न विरघळणारा मेणचट पदार्थ होतो. बादलीच्या काठाला करडा पट्टा बसतो ना तोच. हा पदार्थ पाण्याला धरत नाही, उलट लोटतो. तो फंद्यांवर बसला की टॉवेल कडक तर होतोच, पण टिपेनासाही होतो, पाणी अंगावरच इकडून तिकडं सरकवत बसतो. पावडरीचं असं होत नाही, ती अशी फाटत नाही, पण स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो आणि सोडा कठीण पाण्यात पडला की पाण्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतं, कपड्यावर बसतं. आणि धुण्याच्या वडीत तर वडी घट्ट रहावी म्हणून दगडाची पूड, खडू असलं भरतीचं सामान असतंच. शर्टाच्या कॉलरवर वडी घासा, हरकत नाही, साधं विणकाम आहे, निघून जातं. टॉवेलच्या फंद्यांवर वडी घासू नये. ती आत भरते आणि निघता निघत नाही. मला विचाराल तर टॉवेल कडक व्हायला आमच्या गावात पाण्याच्या खालोखाल हात कुणाचा असेल तर वडीचा.

मग कळायचं कसं की आपल्या टॉवेलमध्ये नुसता चुना आहे की वरून मेणचट थरही आहे? वाळलेला टॉवेल सपाट पसरा आणि बोटानं पाण्याचा एक थेंब अलगद ठेवा. थेंब लगेच आत गेला तर वर थर नाही, नुसता चुना आहे. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला, तर साबणाचा मेणचटपणा, नाहीतर डोक्याचं तेल, नाहीतर ती निळी बाटली. कंडिशनरचं कामच ते आहे, सुतावर स्निग्ध थर चढवायचा म्हणजे हाताला गुळगुळीत लागतं. साडीला लावा, चादरीला लावा. टॉवेलला लावलं की हाताला मऊ आणि अंगाला निकामी.

दिवाळीला ननंदबाई आल्या तेव्हा पाहुण्यांचे म्हणून ठेवलेले दोन मोठे टॉवेल काढले, पांढरे होते कधीकाळी, आता राखेच्या रंगाचे. ननंदबाईंनी एक खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "वैनी, हा टावेल मले पुसून रायला का मी याले?" थेंब ठेवला तर वर तसाच, टिचकी मारली तर घरंगळून गेला. चोळून पाहिलं तर खरखर जशीच्या तशी. म्हणजे दोन्ही रोग एकत्र. आता याला काय केलं ते नीट सांगते, कारण क्रम चुकला तर फायदा होत नाही.

पहिलं म्हणजे आंबट पाणी. किराणा दुकानात निंबूसत मिळतं, साखरेसारखे पांढरे खडे, त्यालाच सायट्रिक अॅसिड म्हणतात, लाडवाच्या नाही पण खारी बुंदी, सरबत असल्या गोष्टीत टाकतात ते. प्लास्टिकच्या बादलीत दहा लिटर कोमट पाणी आणि त्यात तीन मोठे चमचे निंबूसत, चाळीस ग्रॅमच्या आसपास, आधी पूर्ण विरघळवून घ्यायचं आणि मग टॉवेल बुडवायचे. वर ताट उपडं ठेवून दाबायचं म्हणजे टॉवेल तरंगत नाहीत. जर्मनच्या घमेल्यात किंवा पत्र्याच्या बादलीत हे करू नये, आंबट पाणी धातू खातं.

चाळीस ग्रॅम ऐकून लोक थांबतात, "चमचाभर टाकला तर नाई चालत का?" नाही चालत, आणि का ते सांगते. आपलं पाणीच कठीण आहे, त्यात विरघळलेला चुना आहे, तर टाकलेलं पहिलं आंबट त्या पाण्यालाच लागतं. दहा लिटर चांगल्या कठीण पाण्यात साधारण पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, नुसता पाण्याचा चुना मारण्यातच संपतो. टॉवेलच्या वाट्याला शून्य. इंटरनेटवर एक चमचा लिहिलेलं असतं ते गोड्या पाण्याच्या हिशोबानं लिहिलेलं असतं. लिंबं पिळून करायचं म्हणाल तर लिंबाच्या रसात आंबट पाच-सहा टक्केच, चाळीस ग्रॅमसाठी पाऊण लिटर रस लागेल, म्हणजे तीस-चाळीस लिंबं. उन्हाळ्यात आमच्याकडे लिंबाचा भाव काय असतो हे सांगायला नको, त्यापेक्षा नवा टॉवेल येईल. व्हिनेगर चालतं, पण तेही बादलीला अख्खी बाटली लागते.

टॉवेल तासभर, फार तर दोन तास ठेवायचे. रात्रभर नाही. आंबट पाण्यात राहून सूत कमजोर होतं असं लगेच नाही, पण आंबट राहिलं आणि तसंच वाळलं, वरून इस्त्री फिरली, तर मात्र सूत विरतं. तासाभरानं ताट काढलं तर पाणी दुधाळ-करडं झालेलं, आणि वर फेस. साबणाचा कणही टाकला नव्हता, फेस आला तो आधीच्या धुण्यांतली पावडर आत अडकून होती तिचा. आत्याबाई बघत होत्या, म्हणाल्या, "म्हंजे मागच्या सालचा साबन आता निंगून रायला का?" बरोबर तेच.

इथं बरेच जण थांबतात आणि मग म्हणतात उपाय लागू पडला नाही. कारण आंबट पाण्यानं चुना सुटतो, पण साबणाच्या त्या मेणचट थराचं काय होतं तर त्यातलं कॅल्शियम निघून जातं आणि मागे राहते नुसती चरबी, ज्या तेलाचा साबण केला होता त्याचीच. ती आंबट पाण्यात निघत नाही. टॉवेल हाताला जरा बुळबुळीत, तेलकट लागतो या टप्प्याला, तो बिघडला असं समजू नये, उलट काम होत आलंय.

तर दुसरं पाणी गरम. आधी टॉवेल एकदा साध्या पाण्यातून काढून पिळायचे म्हणजे आंबट निघून जातं, नाहीतर पुढचा सोडा आणि ते आंबट एकमेकांनाच मारतात. मग चुलीवर पाणी तापवायचं, हात घालवणार नाही इतकं, आणि हे पाणी मात्र गोडं हवं. आमच्याकडे योजनेच्या नळाचं पाणी येतं एकाआड दिवशी, धरणाचं, ते बोअरपेक्षा खूप हलकं, मी ते वापरलं. ज्यांना नळ नाही त्यांनी पावसाचं धरलेलं. तेही नसेल तर बोअरचंच पाणी दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळू द्यायचं, निवलं की पांढरा गाळ खाली बसतो, वरचं पाणी अलगद काढून परत तापवायचं, सगळा नाही पण बराचसा कठीणपणा त्यानं जातो. तुरटी फिरवून उपयोग नाही, तुरटीनं गढूळपणा बसतो, कठीणपणा नाही. या गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि नेहमीच्या निम्मी पावडर. टॉवेल काठीनं खालवर करायचे आणि पाणी कोमट होईपर्यंत तसेच ठेवायचे. सोड्यानं ती चरबी परत साबण होऊन पाण्यात जाते, यावेळी पाण्यात कॅल्शियम नाही त्यामुळे ती फाटत नाही. हेच बोअरच्या पाण्यात केलं असतं तर सोड्यानं नवीन चुना बसवला असता आणि चरबीचा परत मेण झाला असता, म्हणजे आंबट पाण्याची मेहनत वाया.

त्या पाण्याचा रंग मी सांगत नाही, जेवणाची वेळ असेल तुमची. मग बोअरच्या पाण्यातून फेस जाईपर्यंत खळबळून, आणि अगदी शेवटी एक बादली नळाचं गोडं पाणी, त्यात दोन्ही टॉवेल चांगले बुडवून, पिळून, झटकून, दोरीवर. वाळल्यावर थेंब ठेवला तर ठेवता ठेवताच आत. पांढरे शुभ्र झाले का तर नाही, राखेचे बदामी झाले, पण अंगाला लागले की पाणी ओढून घेतात. आणि हाताला खरखर अगदी थोडी राहिली, काठाच्या पट्टीशी, तिथं विणकाम दाट असतं म्हणून, ती पुढच्या वेळच्या आंबट पाण्यात गेली.

एक सांगायचं राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. आमच्याकडे विहिरीत, टाकीत ब्लिचिंग पावडर टाकतात, बऱ्याच घरी तिचा डबा मोरीतच असतो. निंबूसत किंवा व्हिनेगर आणि ब्लिचिंग पावडर कधी एका बादलीत येऊ द्यायची नाही. पांढरे टॉवेल आणखी पांढरे करू म्हणून कुणीतरी टाकतं, आणि त्यातून क्लोरीन निघतो, विषारी वायू आहे तो, बंद मोरीत तर जीवावर बेतेल. टॉवेल करडा राहिला तर राहू द्या.

हे सगळं दर आठवड्याला करायचं नाही, कुणाला वेळ आहे, शेतात निंदण पडलेलं असतं. एकदा टॉवेल साफ झाला की तो तसा ठेवायचा हे सोपं आहे आणि ते सगळं त्या शेवटच्या बादलीत आहे. घरात गोडं पाणी थोडं असतं तर आपण ते साबण लावताना वापरतो, फेस छान येतो म्हणून, आणि शेवटी धुवायला बोअरची मोटर चालू करून पाइप सोडतो, भरपूर पाणी म्हणून. उलटं करायचं. आधी बोअर, शेवटी अर्धी बादली का होईना गोडं. चार टॉवेलला एकच बादली पुरते. पावसाळ्यात तर पन्हाळीखाली पिंप लावला की झालं, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी टिनावरची धूळ घेऊन येतं ते जाऊ द्यायचं, नंतरचं निव्वळ.

आणि ज्यांच्याकडे गोडं पाणी नावालाच नाही त्यांनी शेवटच्या बादलीत अर्धी-पाऊण वाटी पांढरं व्हिनेगर टाकावं. इथं निंबूसत नाही, व्हिनेगरच, कारण शेवटच्या पाण्यातलं कॅल्शियम टॉवेलमध्ये राहणारच आहे, तर ते व्हिनेगरसोबत जे काही होऊन राहतं ते पाण्यात सहज विरघळणारं असतं, पुढच्या धुण्यात निघून जातं. निंबूसतासोबतचं तितकं विरघळत नाही. वास येतो ओला असताना, वाळला की जातो. पोरांनी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

पावडर कमी करा हेही सांगायचं होतं पण त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. एक परीक्षा सांगते, धुऊन झालेला टॉवेल वाळायच्या आधी स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकून हातानं खळबळा. फेस आला तर पुढच्या वेळी पावडर निम्मी. मशीनवाल्या घरी हमखास येतो, कारण तिथं एकाच साबणाच्या पाण्यात तीन फेऱ्या होतात आणि टॉवेल शेवटच्या फेरीत जातात, सगळ्या घराचा मळ आणि सगळ्यांची पावडर त्यांच्या वाट्याला. टॉवेल पहिल्या फेरीत टाका, शेतातले कपडे शेवटी.

माझी मावशी दर्यापूरकडे असते, खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातली ती गावं, अकोला, अमरावती, बुलडाण्याची, तिथं जमिनीखालचं पाणीच खारं. तिला मी फोनवर हे सगळं सांगितलं, तिनं इमानदारीनं निंबूसत आणून केलं, आणि टॉवेल होता तसाच. मला वाटलं मोजमाप चुकलं असेल. मग पावसाळ्यात गेले तेव्हा दोरीवरचा टॉवेल हातात घेतला तर तो दोन दिवस झाले तरी दमट, आणि जिभेला टोक लावलं तर खारट. तिथं टॉवेलमध्ये चुना थोडा आणि मीठ जास्त आहे. मिठाला आंबट काही करत नाही, आणि खाऱ्या पाण्याचे क्षार दमट हवेतून पाणी ओढतात, म्हणून उन्हाळ्यात टॉवेल ताठ आणि श्रावणात ओलाच. पण मिठाचं एक बरं असतं, ते साध्या गोड्या पाण्यात विरघळून जातं, निंबूसत नको, गरम पाणी नको, काही नको. दोन वेळा गोड्या पाण्यातून पिळून काढला की संपलं. फक्त ते गोडं पाणी हवं आणि तिथं तेच नसतं. मावशी म्हणाली, "पोरी, प्याले पुरत नाई तं टावेलाले कुठून आनू?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावसाळ्याचे चार महिने पन्हाळीचं पाणी धरते ती आता, बाकीचे आठ महिने पंचा वापरते. पंच्याला फंदे नसतात, पातळ असतो, पिळला की जवळजवळ कोरडा होतो, त्यामुळे त्यात क्षार रहायला पाणीच राहत नाही, आणि जे राहतात ते चोळलं की झडतात. खाऱ्या पाण्याच्या गावात जाड टॉवेलचा हट्ट धरू नये असं माझं मत झालंय.

काही टॉवेल मात्र या कशानंच सुधारत नाहीत. उजेडाकडे धरून बघा, फंदे झडून जाळी दिसत असेल, मोगरीनं धोपटून धोपटून तुटले असतील, तर टिपायला काही उरलेलंच नाही, मऊ कुठून होणार. पॉलिएस्टर मिसळलेले स्वस्तातले टॉवेल पहिल्या दिवसापासून पाणी टिपत नाहीत, ते धुण्याचा प्रश्न नाही, घेण्याचा आहे. अन् नवा कोरा सुती टॉवेल टिपत नसेल तर घाबरू नका, त्यावर कारखान्यातला मऊपणाचा हात फिरवलेला असतो, तीन-चार धुण्यांत तो जातो. तो जाईपर्यंत त्याला वडी मात्र लावू नका. जाळी झालेल्याचे चार तुकडे करा, आमच्याकडे एक सायकल पुसायला जातो, एक चुलीजवळ गंज उतरवायला, बाकीचे दोन आत्याबाई लपवून ठेवतात, कशाला ते त्यांनाच माहीत.